स्वप्नात वीज कडाडली म्हणून सात दिवस मोजत बसलेल्यांसाठी

«स्वप्नात वादळ, वीज, मुसळधार पाऊस दिसतोय? सावधान! १. वादळ म्हणजे घरात मोठं भांडण, वीज पडली तर अपघात नाहीतर आजारपण, पाऊस म्हणजे धनहानी. २. छान ऊन असताना अचानक आभाळ भरून आलं तर सात दिवसांत संकट, मनाला ते आधीच कळतं. ३. पहाटेचं स्वप्न असेल तर शंभर टक्के खरं. ४. हे सगळं आपल्या प्राचीन शास्त्रात लिहिलंय. दहा जणांना पाठवा.»

मला हे आत्याकडून आलं, म्हणजे तिच्या दहातली मी एक. ती गिरगावात चाळीत राहते आणि तिला खरंच तसं स्वप्न पडलं होतं, त्यामुळे फक्त हसून सोडून देता येईना. मी एका हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये रात्रपाळी करते, पेशंटच्या डोक्याला वायरी चिकटवायच्या आणि रात्रभर स्क्रीनवर त्यांची झोप बघत बसायची असं काम. स्वप्नं विचारणं आमच्या कामात येत नाही, पण सकाळी केसातली पेस्ट पुसताना लोक आपणहून सांगतात, पावसाळ्यात तर पाणी तुंबल्याची आणि वादळाची स्वप्नं बरीच ऐकलीत.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते कारण तो रोज डोळ्यासमोर दिसतो. झोपेची एक फेरी साधारण दीड तासाची. तिच्या शेवटी रेम झोप येते, स्क्रीनवर डोळ्यांच्या रेषा इकडून तिकडे पळायला लागतात आणि हनुवटीची रेष एकदम सपाट होते, गोष्टीसारखी रंगलेली स्वप्नं जास्त करून तेव्हाची. रात्रीची पहिली रेम दहा मिनिटांत आटपते, पहाटेची अर्धा अर्धा तास चालते. आणि स्वप्न लक्षात राहायचं तर त्याच वेळी जाग यावी लागते, झोप तशीच पुढे चालू राहिली की ते गेलं. म्हणजे पहाटे स्वप्नं जास्त, जागही तेव्हाच येते, दूधवाला, नळाचं पाणी, अलार्म, त्यामुळे आठवतात ती सगळी पहाटेचीच. मग आयुष्यात जे काही घडेल ते कुठल्या ना कुठल्या पहाटेच्या स्वप्नाशी जुळणारच ना, रात्री बाराचं स्वप्न आठवतंय कोणाला?

त्यात आपली मुंबई. जूनमध्ये पहाटे चारला सर आली की खिडकीवरच्या पत्र्यावर जो आवाज होतो तो झोपलेल्या माणसाच्या कानात जातोच. डिमेंट आणि वोल्पर्ट या झोपेवरच्या दोन संशोधकांनी १९५८मध्ये यावर प्रयोग छापला होता, रेम झोपेतल्या लोकांच्या अंगावर गार पाण्याचा फवारा मारायचा, कधी उजेड पाडायचा, कधी आवाज करायचा आणि मग उठवून विचारायचं काय बघत होतात. फवाऱ्यानंतर साधारण ४२ टक्के वेळा पाणी स्वप्नात शिरलं, उजेड २३ टक्के, नुसता आवाज ९ टक्के. त्यातला एक जण स्वप्नात नाटकात काम करत होता, तर समोरची नटी अचानक कोसळली, तिच्यावर पाणी ठिबकायला लागलं, वर बघतो तर छताला भोक. म्हणजे पाणी बाहेरून आलं, पण नाटक त्याचं आधीच चालू होतं, मेंदूने पाण्याला त्यात जागा करून दिली इतकंच. म्हणून कोणी मला वादळाचं स्वप्न सांगितलं की मी आधी विचारते, काल रात्री खरंच पाऊस होता का, खिडकी उघडी होती का, पंख्याचा वारा अंगावर येत होता का. हे न विचारता अर्थ लावायला बसायचं म्हणजे छत गळतंय आणि आपण पत्रिका काढतोय.

आता पहिला मुद्दा, म्हणजे ती डिक्शनरी. वरळी कोळीवाड्यात ज्याची होडी पाण्यात आहे त्याचं वादळ आणि ऑफिसातून लवकर सोडतील म्हणून खूष होणाऱ्याचं वादळ एकच कसं असेल? मराठवाड्यात ज्याचं पेरून झालंय त्याला स्वप्नात पाऊस दिसला तर तो धनहानी म्हणेल का हो? अर्नेस्ट हार्टमन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने यावर बरीच वर्षं काम केलं. त्याला वारंवार एक गोष्ट दिसली की आगीतून वाचलेल्या किंवा हल्ला झालेल्या माणसाला काही दिवसांनी आगीचं किंवा हल्ल्याचं स्वप्न पडतंच असं नाही, त्याऐवजी तो किनाऱ्यावर उभा असतो आणि डोंगराएवढी लाट येऊन त्याला ओढून नेते. घटना वेगवेगळ्या, लाट तीच, कारण लाट त्या घटनेची नाही तर 'माझ्या हातात काही उरलं नाही' या भावनेची असते. पुढे त्याने ४४ लोकांची स्वप्नं तपासली, हे लोक आधीपासूनच स्वप्नं लिहून ठेवणारे होते, ११ सप्टेंबर २००१च्या आधीची दहा आणि नंतरची दहा. नंतरच्या स्वप्नांत विमानं किंवा उंच बिल्डिंगी वाढल्या नव्हत्या, चित्रांचा जोर वाढला होता. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की स्वप्नातलं वादळ किती जोराचं यावरून आतली भावना किती जोराची याचा अंदाज येऊ शकतो, ती कशाबद्दल आहे हे वादळ सांगत नाही, आणि पुढे काय होणार ते तर अजिबातच नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यात चलाख आहे कारण त्यात थोडं खरं मिसळलंय. आत्याचं स्वप्न असं. ती गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया घालतेय, कडक ऊन, खालून कोणीतरी हाक मारतं 'वहिनी, सही राहिलीय', आणि ती मान वर करते तर आभाळ काळंकुट्ट, वीज थेट पाण्याच्या टाकीवर पडते, पाऊस असा की साडी हाताला येत नाही, कुरडया सगळ्या लापशी होऊन वाहून चालल्यात. दचकून उठली, घाम.

आता खऱ्या आभाळाचं बघा. वळिवाच्या आधी दुपारभर उकडतं, अंगाला कपडा चिकटतो, पूर्वेकडे ढग चढत जातात, तास दोन तास त्याची तयारी चालते. स्वप्नाला ती तयारी दाखवायची गरज नसते, तिथे जागा बदलते, माणूस बदलतो, घरातून निघून थेट शाळेत पोचतो, सगळं झटक्यातच होतं. म्हणून हवामान 'अचानक' बदललं यात विशेष काही नाही, स्वप्नाची चालच तशी. त्या अचानकवरून टेन्शन आता फुटणार, अमुक दिवसांत फुटणार असं काढता येत नाही. पण बदल व्हायच्या अगदी आधी काय चाललं होतं हे मात्र विचारण्यासारखं असतं. आत्याला मी विजेबद्दल काहीच विचारलं नाही, म्हटलं 'हाक कोणाची होती गं?' ती गप्प झाली आणि मग म्हणाली, 'कोणाची असणार, ते संमतीपत्र घेऊन फिरतात ना त्यांची.' चाळ रीडेव्हलपमेंटला चाललीय, काका म्हणतात सही करून टाक, धाकटे दीर म्हणतात मला विचारल्याशिवाय करायची नाही, पागडीची खोली दोघांची, आणि आत्या दोन महिने दोघांना 'हो हो' करतेय. कुरडया उगाच नाही आल्या, तिच्या हातचं गच्चीवरचं तेवढंच एक काम, नवीन टॉवरमध्ये ती गच्ची तिला मिळणार नाहीये. तर टेन्शन होतं, पण ते मागचं, दोन महिने साचलेलं, आणि ते तिला जागेपणी ठाऊक होतंच.

तिला वही दिली आणि तीन आठवडे चारच गोष्टी लिहायला सांगितल्या: उठल्याची वेळ, रात्री खरा पाऊस झाला का, बदल व्हायच्या आधी स्वप्नात काय चाललं होतं, आणि आदल्या दिवशी कशाने जीव टांगणीला लागला होता. एकवीस दिवसांत वादळाची स्वप्नं पाच. त्यातल्या तीन रात्री बाहेर खरंच कोसळत होता. उरलेल्या दोन कोरड्या, एक चाळीच्या मीटिंगच्या आदल्या रात्रीची आणि एक दीर येऊन गेले त्या रात्रीची. एका माणसाच्या वहीवरून नियम होत नाही हे मलाही कळतं, पण फॉरवर्डवाल्याकडे तेवढी वहीसुद्धा नाहीये. आणि सात दिवसांच्या संकटाचं म्हणाल तर त्या आठवड्यात गॅस संपला, नातवाला ताप आला, लोकलमध्ये छत्री राहिली. चाळीतल्या कुठल्याही घराचा कुठलाही आठवडा घ्या, यातलं काहीतरी निघेलच. भविष्य म्हणायचं तर आधी लिहून ठेवायला हवं की नक्की काय होणार आणि किती तारखेला, नंतर छत्रीला संकट म्हणण्यात काय अर्थ आहे.

चौथ्याचं थोडक्यात. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटलेलं, कल्पनेतलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. आणि तिथेच वैद्याला सांगितलंय की यातले पहिले पाच निष्फळ समज. भाविक म्हणून एक प्रकार मानलाय हे खरं, ते लपवत नाही. पण आत्याने दिवसभर ऐकलेली हाक आणि रात्रभर ऐकलेला पाऊस कुठल्या खान्यात जातात ते तुम्हीच बघा. शास्त्राच्या नावावर खपवायचं असेल तर निदान ते पान तरी उघडायचं.

एक वेगळी गोष्ट मात्र यात मिसळू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्या पाण्यात जे अडकले त्यातल्या कोणाला अजूनही तेच दृश्य जसंच्या तसं दिसत असेल, आठवड्यातून चारदा ओरडून उठत असतील, झोपायचीच भीती वाटत असेल, तर ते आत्यासारखं नाही, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. तिथे औषधाशिवायही एक पद्धत वापरतात, स्वप्न लिहायचं, त्याची गोष्ट आपल्याला हवी तशी बदलायची, आणि दिवसा जागेपणी दहा वीस मिनिटं ती बदललेली गोष्ट डोळे मिटून मनात चालवायची, असं काही आठवडे. वाईट स्वप्नं यामुळे कमी होतात हे बऱ्याच पेशंटमध्ये दिसलंय.

आत्याने ऐकलं आणि गरज नसताना करून बघितलं. तिच्या नव्या गोष्टीत आभाळ भरून येतंच, ते तिने काढलं नाही, म्हणाली पावसाला कोण अडवणार. पण ती आधी साडीची चारही टोकं धरून कुरडया जिन्यात आणून ठेवते, मग खाली जाते आणि कागद घेऊन उभे असतात त्यांना सांगते, दोघा भावांना एकत्र घेऊन या, तेव्हाच पेन हातात धरेन.