अक्षरं जुळली म्हणून सूत्र जुळत नाही

«थर्मोडायनॅमिक्सच्या सूत्रांची स्लाइड बघून घाबरू नका. १) गणितात दिलेल्या राशींची अक्षरं लिहा आणि तीच अक्षरं असलेलं सूत्र उचला. २) इन्सुलेटेड म्हटलं की γ वालं, तापमान तेवढंच राहिलं की ln वालं. ३) Cv म्हणजे आकारमान स्थिर, Cp म्हणजे दाब स्थिर. ४) ΔT शून्य तर ΔU शून्य. एवढ्यावर कुठलंही न्यूमरिकल सुटतं.»

हा सल्ला सगळीकडे फिरतोय, कारण सोप्या गणितांत तो चालतो. कुठे फसतो ते पाहायला एकच गणित पुरे आहे.

एक मोल एकअणुक आदर्श वायू इन्सुलेटेड सिलिंडरमध्ये आहे. तापमान ३०० K, दाब १० बार. बाहेरचा दाब एकदम १ बारवर आणला. वायू त्या दाबाविरुद्ध प्रसरण पावला आणि आतला दाबही १ बार झाल्यावर पिस्टन थांबला. शेवटचं तापमान किती?

आता अक्षरं लिहून पाहा: P1, P2, T1 दिलेत, T2 हवंय. स्लाइडवर अडियाबॅटिकच्या चौकटीत बरोबर हीच चार अक्षरं असलेलं सूत्र बसलेलं असतं:

T2 = T1 (P2/P1)^((γ−1)/γ)

γ = ५/३ घातलं की घातांक ०.४ येतो आणि T2 = ११९.४ K. उत्तर नीटनेटकं दिसतं, पण चूक आहे.

हे सूत्र PV^γ = स्थिरांक यातून येतं, आणि ते काढताना आपण प्रत्येक क्षणी बाहेरचा दाब आतल्या दाबाइतकाच धरलेला असतो. आपल्या गणितात तसं नाही. आत १० बार असताना बाहेर फक्त १ बार आहे, म्हणजे वायू जितकं कार्य करू शकला असता त्यापेक्षा बरंच कमी करतो. कमी कार्य केलं म्हणजे कमी ऊर्जा खर्चली, म्हणजे तो ११९ K इतका थंड होणारच नाही.

खरं उत्तर काढायला γ चा घातांक लागतच नाही. उष्णता आत-बाहेर नाही, म्हणून वायूने केलेलं कार्य आंतरिक ऊर्जेतून आलं:

nCv(T1 − T2) = Pext(V2 − V1)

इथे Cv = १.५R. उजवीकडे V = nRT/P घालायचं, आणि Pext म्हणजेच P2. दोन्हीकडचा R उडतो आणि उरतं १.५(३०० − T2) = T2 − ३०. म्हणजे २.५ T2 = ४८०, T2 = १९२ K. कार्य १.५ × ८.३१४ × १०८, सुमारे १३४७ ज्यूल. घातांकाच्या सूत्राने गेलो असतो तर कार्य सुमारे २२५२ ज्यूल आलं असतं. नऊशे ज्यूल नुसते अक्षरं जुळवण्यात गेले.

याच चौकटीत एक गंमत आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. PV^γ च्या शेजारीच कार्याचं सूत्र असतं: W = (P1V1 − P2V2)/(γ−1). दोन्ही γ वाली, दोन्ही अडियाबॅटिक, म्हणून दोन्हींचा नियम एकच असेल असं वाटतं. आपल्या गणितात घालून बघा. P1V1 = nRT1 = २४९४ ज्यूल, P2V2 = १५९६ ज्यूल, फरक ८९८, भागिले ०.६६७, उत्तर १३४७ ज्यूल. अगदी बरोबर! कारण R/(γ−1) म्हणजे Cv च. हे सूत्र nCv(T1 − T2) चाच वेष बदललेला अवतार आहे. उष्णतेची देवाणघेवाण नसेल, तर प्रसरण सावकाश होवो की धाडकन, ते लागू पडतं. फक्त सुरुवातीला आणि शेवटी वायू समतोलात हवा, आणि शेवटचे P2, V2 खरे हवेत, PV^γ मधून ओढून आणलेले नकोत. म्हणजे एकाच चौकटीतलं एक सूत्र इथे चालतं, दुसरं नाही. «इन्सुलेटेड» हा शब्द फक्त Q = 0 एवढंच सांगतो.

मग PV^γ कधी वापरायचं? गणितात «रिव्हर्सिबल» किंवा «क्वासिस्टॅटिक» लिहिलेलं असेल तर निर्धास्त. अडचण होते ती «अचानक» या शब्दाने. पाठ्यपुस्तकांत «वायू अचानक दाबून आकारमान एक-अष्टमांश केलं» असं असतं आणि अपेक्षित उत्तर PV^γ चंच असतं: एकअणुक वायूचं तापमान चौपट, दाब ३२ पट. तिथे «अचानक» म्हणजे उष्णतेला बाहेर जायला वेळ मिळाला नाही एवढंच. वायू मात्र आतल्या आत दाब सारखा करून घेत राहिला असं गृहीत असतं. माझी खूण साधी आहे. बाहेरच्या दाबाचा आकडा वेगळा दिलेला असेल, «स्थिर बाह्य दाबाविरुद्ध» असं लिहिलेलं असेल, तर PV^γ ला हात लावायचा नाही. असा आकडा नसेल आणि फक्त आकारमानांचं गुणोत्तर दिलं असेल, तर PV^γ. पूर्ण तर्कशुद्ध नाही, पण गणितं रचणारे असंच लिहितात.

आता ln कडे. तोच एक मोल, ३०० K, इन्सुलेटेड भांडं, मध्ये पडदा, पलीकडे तितकाच निर्वात भाग. पडदा फाडला, वायू दुप्पट जागेत पसरला. तापमान? आदर्श वायू असेल तर तेवढंच, ३०० K. मग nRT ln(V2/V1) = ८.३१४ × ३०० × ०.६९३ = १७२९ ज्यूल कार्य? छे. समोर ढकलायला काहीच नाही, Pext शून्य, म्हणून कार्य शून्य, उष्णताही शून्य.

या सूत्रासाठी तापमान सुरुवातीला आणि शेवटी सारखं असून भागत नाही. वाटेत प्रत्येक टप्प्यावर ते तेवढंच हवं आणि बाहेरचा दाब आतल्या दाबाबरोबर हळूहळू उतरत जायला हवा. गणितात «उष्णता-साठ्याच्या संपर्कात», «सावकाश» असे शब्द दिसले की ln ची आठवण ठेवावी. वहीत मात्र १७२९ हाच आकडा मी कितीदा लाल केलाय, मोजलं नाही.

पण याच भांड्यात एंट्रॉपीतला बदल विचारला, तर ln हवंच! ΔS = nR ln(V2/V1) = ५.७६ J/K, आणि ते मुक्त प्रसरणालाही लागू आहे. एका ln ने गोत्यात आणलं, दुसरं बरोबर, हे कसं?

स्लाइडची खरी विभागणी इथे दिसते. ΔU, ΔH, ΔS यांना वाट माहीत नसते, फक्त दोन टोकं माहीत असतात. तुम्ही कुठून निघालात आणि कुठे पोचलात एवढंच त्यांना हवं, म्हणून त्यांची सूत्रं टोकांवरची. Q आणि W वाटेवर अवलंबून. त्यांच्या प्रत्येक सूत्रामागे एक ठरावीक वाट लपलेली असते, आणि स्लाइडवर जागा नसल्यामुळे नेमकी ती अट गाळली जाते. म्हणून गणित वाचल्यावर पहिला प्रश्न «काय विचारलंय» हा, «काय दिलंय» हा नाही. टोकाची राशी असेल तर वाटेचं वर्णन बाजूला ठेवून टोकं शोधा. वाटेची असेल तर आधी वाट ओळखा: बाहेरचा दाब कसा वागतोय, भिंतीतून उष्णता जातेय का, पिस्टन हलतोय का. सूत्र त्यानंतर.

Cv चं कोडंही यातच सुटतं. आदर्श वायूला ΔU = nCvΔT प्रत्येक प्रक्रियेत लागू आहे; U फक्त तापमानावर ठरते, म्हणून सूत्र टोकावरचं आहे. नावातला v दिशाभूल करतो. समजा, दोन मोल द्विअणुक वायू स्थिर दाबाला ३०० वरून ४०० K वर नेला. दाब स्थिर आहे म्हणून ΔU ला Cp लावणारे पुष्कळ असतात. ते ५८२० ज्यूल ही Q आहे. ΔU = २ × २.५ × ८.३१४ × १०० = ४१५७ ज्यूल. मधला १६६३ ज्यूलचा फरक वायूने पिस्टन ढकलण्यात घालवला, आणि nRΔT काढून पाहिलंत तर तोच आकडा येतो. Q = nCpΔT ला मात्र स्थिर दाबाची अट खरोखरच आहे, कारण Q वाटेची.

चिन्हाचं एका वाक्यात: मी W म्हणजे वायूने केलेलं कार्य धरलंय, म्हणून ΔU = Q − W; रसायनशास्त्राच्या स्लाइडवर ΔU = q + w असतं, तिथे w वायूवर केलेलं. दोन स्लाइड एकत्र वापरल्यात तर चिन्ह हमखास उलटं पडतं.

राहिलं ΔT शून्य म्हणजे ΔU शून्य. आदर्श वायूपुरतं ते खरं आहे. पण «१०० °C ला, १ अॅटमॉस्फिअर दाबाखाली एक मोल पाण्याची वाफ झाली, ΔU काढा» असं आलं तर? तापमान हललंच नाही. तरी सुमारे ४०.७ किलोज्यूल उष्णता आत गेली, आणि वाफेने जागा करून घेण्यात जवळपास RT, म्हणजे ३.१ किलोज्यूल खर्च झाले. पाण्याचं आकारमान वाफेपुढे नगण्य, म्हणून W = PΔV ≈ RT. उरलेले ३७.६ किलोज्यूल ही ΔU. रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात ती गेली, आणि nCvΔT ला त्याचा पत्ताही लागत नाही. गणितात वितळणं, उकळणं किंवा रासायनिक अभिक्रिया दिसली, की ते सूत्र बाजूला ठेवून थेट ΔU = Q − W लिहायचं.