बॅलन्सची पट्टी आवाज हलवत नाही, दाबते

"एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी सोपी युक्ती! फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाचा बॅलन्स पूर्ण चांगल्या कानाकडे सरकवा, दोन्ही बाजूंचा आवाज त्याच कानात येईल. मोनो ऑडिओ चालू करू नका, त्याने आवाजाचा दर्जा निम्मा होतो. थोडंच कमी ऐकू येत असेल तर बॅलन्स कमजोर कानाकडे न्या, त्या कानातला आवाज वाढेल आणि मशीनची गरज पडणार नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

माझा डावा कान नवव्या वर्षी गालगुंडात गेला. त्यामुळे असलं काही फिरायला लागलं की नातेवाईक मायेने ते मलाच पाठवतात. हे आठवड्यात तीनदा आलं. तिसऱ्यांदा पाठवणाऱ्या आत्येभावाने वर लिहिलं होतं, "मी स्वतः करून पाहिलंय, चालतं." तो खोटं बोलत नव्हता. कोणतं गाणं लावून पाहिलंस असं विचारलं, तर आईच्या आवडीचं एक जुनं सिनेगीत निघालं. घोटाळा तिथेच आहे.

१९६०च्या दशकातली आपली बहुतेक सिनेगीतं मोनोत ध्वनिमुद्रित झालेली आहेत. म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज. एक बाजू बंद केली तरी दुसऱ्या बाजूला सगळं आहेच, म्हणून काही गमावल्याचं कळत नाही. फोनवरच्या कॉलचंही तसंच. अशा आवाजावर चाचणी घेतली तर पट्टी काय वाटेल ते करतेय असं वाटू शकतं.

प्रत्यक्षात ती एकच काम करते. उजवीकडे सरकवली की डाव्या बाजूचा आवाज दाबत नेते, पूर्ण टोकाला नेली की तो गप्प करते. डावीकडचं काहीही उचलून उजवीकडे आणत नाही. डाव्या बाजूला जे होतं ते संपलं.

हे मला एका मुलाखतीने शिकवलं. दोन जणांच्या कॉलरला लावायचे छोटे बिनतारी माइक हल्ली सगळे वापरतात. त्यांच्या रिसीव्हरवर स्टिरिओ ठेवलं तर एक माइक डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला नोंदला जातो. संकलन करताना दोन्ही मधोमध आणायचे असतात, पण घाईत तसंच अपलोड होतं. त्या व्हिडिओत मुलाखतकार उजवीकडे होता आणि बोलणाऱ्या शेतकरी बाई डावीकडे. माझी पट्टी पूर्ण उजवीकडे. मला प्रश्न खणखणीत ऐकू येत होते आणि प्रत्येक प्रश्नानंतर वीस-तीस सेकंद लांबून कुजबुज. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्येही थोडा पाझरतो, ती कुजबुज तेवढीच. बाई फार हळू बोलतात असं मी शेजारी बसलेल्या बायकोला म्हणालो. तिने फोनचा स्पीकर लावला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

पट्टी मध्यावर असती तरी फरक पडला नसता. बाईंचा आवाज माझ्या बंद कानात पोचून तिथेच विरला असता. इथे लागतो तो मोनो ऑडिओच. आयफोनवर Settings > Accessibility > Audio & Visual > Mono Audio. सॅमसंगवर Settings > Accessibility > Hearing enhancements > Mono audio. इतर अँड्रॉइडवर बहुधा Accessibility मध्ये Audio adjustment खाली सापडतो. नाहीच दिसला तर सेटिंगच्या शोधात mono लिहा. तो आधी चालू करा आणि मग हवं तर पट्टी चांगल्या कानाकडे न्या. आता दोन्ही बाजूंना एकच मिसळलेला आवाज असल्यामुळे एक बाजू गप्प झाली तरी काही हरवत नाही, आणि बंद कानातला बड शेजाऱ्याला गाणं ऐकवत बसत नाही.

आता दर्जाचं. मोनो करताना फोन साधारणपणे डाव्या-उजव्याची सरासरी काढतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असतो. समजा १०० आणि १००, तर सरासरी १००, म्हणजे जिथल्या तिथे. मुलाखतीतल्या बाई डावीकडे १०० आणि उजवीकडे शून्य, म्हणून मोनोत ५०. हा निम्मा आकडा बघून कुणीतरी निम्मा दर्जा काढला असावा. पण लहरीची उंची निम्मी होणं म्हणजे ६ डेसिबलची घट, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात. शिवाय मुलाखतकारही तेवढाच खाली येतो, दोघांचा तोल बिघडत नाही. व्हॉल्यूम थोडा वाढवला की काम झालं. सूर, शब्द, स्पष्टता यांना धक्का लागत नाही.

जातं ते दिशेचं भान. सतार डावीकडे, सरोद उजवीकडे, ही मजा. गेममध्ये मागून येणारी पावलं. दोन्ही कान धड असलेल्याचं हे खरं नुकसान आहे. माझ्यासारख्याला इयरफोनमधून ती दिशा मुळात मिळतच नव्हती. घरात एकच टॅब सगळे वापरत असतील तर मात्र मोनो बंद करून परत द्या, नाहीतर मुलगा गेम हरल्याचं खापर तुमच्यावर फोडेल.

मोनो फसतो अशी एक जागा मात्र आहे, आणि तिथे फॉरवर्डचा सल्ला चुकून बरोबर ठरतो. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातलं भाषण कुणीतरी मिक्सरमधून थेट रेकॉर्डरमध्ये घेतलं. मिक्सरच्या बॅलन्स्ड जॅकमधून एकच आवाज दोन तारांवर जातो, दुसऱ्या तारेवर उलटा करून. ती वायर रेकॉर्डरच्या स्टिरिओ जॅकमध्ये घातली की सुलटा आवाज डावीकडे नोंदतो आणि उलटा उजवीकडे. आता सरासरी काढा, अधिक १०० आणि उणे १०० मिळून शून्य. मोनो लावताच वक्ता गायब, किंवा विहिरीतून बोलल्यासारखा पोकळ. ओळखायची खूण हीच. मोनो बंद केल्यावर माणूस परत आला, तर दोष रेकॉर्डिंगचा आहे. तेवढ्यापुरता मोनो बंद ठेवा. अशा वेळी प्रत्येक बाजूला पूर्ण भाषण असतंच, त्यामुळे चांगल्या कानाला सगळं मिळतं.

आणि कमजोर कान. पट्टी त्या बाजूला नेल्यावर त्या कानाला एक कणही जास्त मिळत नाही. चांगल्या कानातला आवाज कमी होतो आणि तुलनेने दुसरीकडे वाढल्यासारखा भासतो. एकूण आवाज कमी वाटला की बोट आपोआप व्हॉल्यूमकडे जातं, आणि आधीच दुबळ्या कानावर खराखुरा जादा मारा तिथून सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे ८६ डेसिबलला १० तासच उरतात.

दुसरं म्हणजे कान कमजोर होतो तो सगळ्या सुरांना सारखा नव्हे. नसेच्या बहिरेपणात बहुतेकदा वरच्या सुरांचं आधी जातं, आणि स, त, क, प यांसारख्या व्यंजनांची ओळख तिथे असते. साठ, ताठ, काठ, पाठ यातला 'आठ' तेवढा पोचतो. व्हॉल्यूम वाढवला तर तो आधीच ऐकू येणारा 'आठ' आणखी मोठा होतो. अशा कानाला हळू आवाज कळत नाही आणि मोठा लगेच बोचतो, मधली जागा अरुंद असते. श्रवणयंत्र ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, बघून ज्या सुराला जेवढं हवं तेवढंच वाढवतं. बॅलन्सच्या पट्टीला ते जमणं शक्य नाही.

दोन्ही कानांत अगदी थोडा फरक असेल तर पट्टी किंचित सरकवायला हरकत नाही. त्यासाठी मोनो चालू करून बातम्या लावा, डोळे मिटा आणि निवेदकाचा आवाज कपाळाच्या मध्यावर येईपर्यंत पट्टी हळूहळू हलवा. मग मोनो बंद करा. आवाज मध्ये येतच नसेल, किंवा त्याचा घोगरा भाग एकीकडे आणि धारदार भाग दुसरीकडे राहत असेल, तर फरक पट्टीच्या आवाक्यातला नाही.

मशीनची गरज या सेटिंगने कशी संपेल, हे कळत नाही. सेटिंग फोनमधून निघणाऱ्या आवाजापुरतं. रिक्षात डावीकडे बसलेला माणूस काय म्हणतोय ते फोनला माहीत नाही. त्याचा आवाज माझ्या डोक्याला वळसा घालून उजव्या कानात पोचतो आणि त्यातले वरचे सूर, म्हणजे नेमकी ती व्यंजनं, डोकं अडवून धरतं. त्यासाठी क्रॉस नावाचं वेगळं श्रवणयंत्र असतं. बंद कानावरचा माइक आवाज टिपून बिनतारी चांगल्या कानाकडे पाठवतो. मोनोचंच काम, पण फोनबाहेरच्या जगासाठी.

पट्टीला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासा. एका बाजूने कमी ऐकू येणं नवीन असेल तर बड अदलाबदल करून कानाशी धरा. कमीपणा बडबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर बड खराब. तो त्याच कानात राहिला तर तोंड मिटून गुणगुणा. गुणगुण कमजोर कानात जास्त घुमली तर मळ किंवा पडद्यामागचं पाणी असू शकतं. चांगल्या कानात घुमली तर नसेचा संशय घ्यावा. अचानक, एक-दोन दिवसांत कान गेला असेल तर गुणगुणीवर विसंबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. नसेचा असा बहिरेपणा असेल तर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतो. पट्टी सरकवून भागतंय म्हणत काढलेले दिवस त्यातूनच वजा होतात.

आमच्या काकूंनी हा फॉरवर्ड वाचून पट्टी पूर्ण डावीकडे नेली होती, उजव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून. मी ती मध्यावर आणून बड बदलून धरायला लावले. कमीपणा डावीकडे गेला. उजव्या बडच्या जाळीत मळ बसला होता, कोरड्या मऊ ब्रशने निघाला. आता ठीक आहे का विचारलं, तर म्हणाल्या, "हो रे, पण ते सेटिंग राहू दे का तसंच? ग्रुपवर सगळ्यांनी केलंय."