आजीकडे कोणाला मारलं?

‘रविवारी काय केलं’ यावर पाच वाक्यं. ब्रनोतल्या संध्याकाळच्या चेक वर्गाचा एवढासा गृहपाठ. तो मी आधी घरमालकीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. वय सत्तरीपार, कान मात्र तिखट.

पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला. ‘उमिल सेम सि रुत्से’ म्हणजे मी हात धुतले. हे बरोबर. म्हणून मी पुढे फक्त ‘काल’ जोडला: ‘व्चेरा उमिल सेम सि रुत्से’. चूक! ‘सेम’ आणि ‘सि’ हे दोन चिमुकले शब्द वाक्यात कायम दुसऱ्या जागेवर बसतात, आणि तेही ‘सेम’ पुढे, ‘सि’ मागे. ‘काल’ पहिल्या खुर्चीत येऊन बसला की दोघांनी क्रियापद सोडून धावत पुढे यायचं: ‘व्चेरा सेम सि उमिल रुत्से’. आपल्याकडे ‘काल’ कुठेही घुसवा, बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत.

मग मी हुशारी केली. दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द, असं मोजून ‘आमच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाईंनी मला चहा केला’ या वाक्यात ‘आमच्या’नंतर लगेच ‘मला’, म्हणजे ‘मि’, ठोकला. बाई कळवळल्या. ‘म्हाताऱ्या’मुळे असेल असं वाटलं, पण नाही, ‘मि’मुळे. आमच्या-म्हाताऱ्या-घरमालकीणबाईंनी हे सगळं मिळून एकच पहिली जागा. लोकलच्या चौथ्या सीटसारखं मध्ये अंग चोरून बसायचं नाही.

एवढं दुरुस्त झाल्यावर बाई म्हणाल्या, “आता छान.”

वही परत आली तेव्हा ‘आम्ही मित्राच्या आजीकडे होतो’ या वाक्याखाली लाल रेघ, आणि शेजारी बाईंच्या, म्हणजे वर्गातल्या बाईंच्या, अक्षरात एकच शब्द: ‘कोणाला?’

चेकमध्ये इ दोन. एक मऊ, एक कडक. कडकला इप्सिलोन म्हणतात. उच्चार शेकडो वर्षांपूर्वीच एक झाला, लिहिणं वेगळंच राहिलं. ‘र’, ‘क’, ‘ह’ यांच्यापुढे मूळ चेक शब्दांत कडक, ‘च’, ‘श’ यांच्यापुढे मऊ, इथवर ठीक. पण ‘ब’, ‘म’, ‘प’ वगैरे मंडळी दोन्ही पाळतात. ‘बिली’ इप्सिलोननं लिहिलं तर ‘होतो’, मऊ इनं लिहिलं तर ‘मारलं’. म्हणजे आम्ही आजीकडे जाऊन मारहाण केली होती! ‘हात धुतले’तही मऊ इ पडली होती, पण आजीपुढे हातांचं कोण बघतो. दिन-दीनवर शाळेत खाल्लेल्या छड्या आठवल्या.

घरी येऊन तक्रार केली, “तुम्ही तर छान म्हणालात!” “ऐकून कसं कळणार?” म्हणत बाईंनी चष्मा लावला, वाक्य वाचलं आणि माझ्यापासून खुर्ची थोडी लांब सरकवली. मग तिसरीत पाठ केलेली, ‘ब’पुढे इप्सिलोन येणाऱ्या शब्दांची यादी पाढ्यासारखी सुरू केली: असणे, राहणे, रहिवासी... फर्निचर, गुरंढोरं... घोडी, वळू, प्रिबिस्लाफ.

“हे शेवटचं काय?”

“गाव आहे.”

“तिथे काय आहे?”

“मी कधी गेले नाही,” बाई म्हणाल्या. “वळूनंतर येतं.”