पडद्यावरचे अकरा लाख आणि परतफेडीचा वाद

“आत्या, तुमच्याकडे ब्रिटनमध्ये कोणी फसवलं तर बँक पैसे परत देते म्हणे. मग आपल्याकडे का देत नाही? आणि बाबांचं ते ॲप खोटं आहे हे आम्हाला आधी कळायला काय हवं होतं?”

भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. माझ्या भावाला, म्हणजे दादाला, एका व्हॉट्सॲप गटात कोणीतरी सामील करून घेतले. गटात रोज सकाळी शेअरच्या शिफारशी येत, सदस्य आपापल्या नफ्याची छायाचित्रे टाकत आणि एका परदेशी गुंतवणूक संस्थेच्या ‘संस्थात्मक खात्यातून’ व्यवहार होत असल्यामुळे स्वतःचे डीमॅट खाते लागत नाही, असे सांगितले जाई. दादाने आधी वीस हजार भरले. आठवड्याभरात तीन हजार काढून पाहिले, तर ते खरोखरच त्याच्या बँकेत जमा झाले. त्यानंतर एका आयपीओमध्ये, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीत, अर्ज केल्यापेक्षा कितीतरी जास्त शेअर ‘मिळाले’ आणि उरलेली रक्कम भरली नाही तर खाते गोठेल, असा निरोप आला. अशा रीतीने एकूण चार लाख गेले. गटाने दिलेल्या ॲपच्या पडद्यावर मात्र अकरा लाख दिसत होते. ते काढायला गेल्यावर सात लाखांच्या नफ्यावर २० टक्के कर, म्हणजे एक लाख चाळीस हजार, आधी भरण्याची मागणी झाली.

भाच्याचे म्हणणे असे की तीन हजार परत आले होते, त्यामुळे संशय घेण्याजोगे काहीच नव्हते. पैसे काढता येतात का हे पाहावे, ही त्याची समज अर्धीच बरोबर आहे. खऱ्या दलालाकडून पैसे काढता आलेच पाहिजेत हे खरे, पण फसवणारेही पहिली छोटी रक्कम मुद्दाम परत देतात, कारण ही चाचणी आपण घेणार हे त्यांना ठाऊक असते. तीन हजार हा त्यांच्या धंद्यातला भांडवली खर्च होता. म्हणून पारख अशा जागी करावी लागते जिथे त्या ॲपचा हात पोहोचत नाही.

भारतात अशी जागा आहे, आणि माझ्या मते या बाबतीत मायदेशाची व्यवस्था अनेक देशांपेक्षा उजवी आहे. भारतात विकत घेतलेला शेअर दलालाच्या ॲपमध्ये राहत नाही. तो एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींपैकी एकीत, गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या नावे आणि पॅनशी जोडून नोंदवला जातो. नेहमीच्या खरेदीचे शेअर व्यवहाराच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी तिथे यायला हवेत. दादाने दलालाचे ॲप बाजूला ठेवून डिपॉझिटरीच्या संकेतस्थळावर आपले खाते शोधले असते, तर तिथे एकही शेअर नाही हे पहिल्याच आठवड्यात दिसले असते. आयपीओचेही तसेच आहे. खऱ्या अर्जात पैसे कोणाला पाठवायचेच नसतात. ते आपल्याच बँक खात्यात अडकवून ठेवले जातात आणि शेअर मिळाले तरच, मिळाले तेवढ्यापुरते वळते होतात. अर्जापेक्षा जास्त शेअर मिळाल्यामुळे उरलेले भरा, ही मागणी त्या रचनेत बसूच शकत नाही. ‘संस्थात्मक खात्या’चा दावाही असाच पोकळ आहे. परदेशी गुंतवणूक संस्थांचा मार्ग भारतात राहणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारांसाठी खुला नाही आणि डीमॅट खात्याशिवाय शेअर व्यवहार करण्याची सोय नाही, असे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्येच जाहीरपणे सांगितले होते.

दादाचे मित्र नाना बँकेतून निवृत्त झाले आहेत. घरच्या सामूहिक कॉलवर त्यांनी शेअरबद्दल एक शब्दही न बोलता थेट बँकेचे पासबुक मागितले. चार वेळा पैसे गेले होते, आणि चारही वेळा वेगवेगळ्या खात्यांत. एक खाते कुठल्याशा मोबाईल दुकानाच्या नावाचे, एक एका व्यक्तीचे, उरलेली दोन कोणत्या तरी ‘एंटरप्रायझेस’ची. नानांच्या मते एवढे पुरेसे होते. “नोंदणीकृत दलालाचे पैसे दलालाच्या नावाच्या खात्यातच जातात. दर वेळी खाते का बदलते, हा एक प्रश्न विचारला असता तरी पुढचे सगळे वाचले असते.” त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. सेबीने ऑक्टोबर २०२५ पासून दलाल आणि म्युच्युअल फंडांसारख्या नोंदणीकृत संस्थांसाठी `@valid` हा शब्द असलेले यूपीआय पत्ते सुरू केले आहेत, आणि एखाद्या संस्थेचा यूपीआय पत्ता किंवा बँक खाते खरे आहे का, हे ‘सेबी चेक’ या सुविधेवर तपासता येते. नुसत्या नोंदणी क्रमांकावर मात्र विसंबू नये, कारण तो खऱ्या दलालाचा उचलून खोट्या पत्रावर छापणे अवघड नसते.

करापाशी भाचा पुन्हा अडला. २० टक्के हा अल्पकालीन नफ्यावरचा दर बरोबर होता, मग मागणी खोटी कशी? दर बरोबर होता म्हणूनच तर दादा फसला. भारतात राहणारा माणूस हा कर स्वतः, आपल्या पॅनवर, सरकारकडे भरतो. दलाल तो आगाऊ गोळा करत नाही. आम्हा अनिवासींचा कर दलाल किंवा बँक कापून घेते, पण तीही मिळणाऱ्या रकमेतून. स्वतःचे पैसे सोडवण्यासाठी बाहेरून आणखी पैसे भरा, अशी मागणी कायदेशीर व्यवहारात कुठेच येत नाही.

याच ठिकाणी वहिनीने भलताच विषय काढला. तिला वाटले, आपण कर्जाबद्दल बोलत आहोत. तिला फोनवर मंजुरीचे पत्र आले होते: पाच लाख मंजूर, आधी ‘फाईल चार्ज’ आणि विम्याचे मिळून नऊ हजार भरा. विषय वेगळा वाटला तरी मांडणी तीच होती. प्रक्रिया शुल्क खऱ्या कर्जातही असते, पण ते बहुतेकदा कर्जाच्या रकमेतून वजा होते. आणि ॲपमधून मिळणाऱ्या कर्जात मध्यस्थाने कर्जदाराकडून परस्पर शुल्क घेऊ नये, तसेच कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यावी, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. कर्ज देणाऱ्याने वार्षिक एकूण खर्च मांडणारे पत्रक आधी द्यावे लागते, आणि फोनमधील संपर्कयादी किंवा छायाचित्रे मागण्याचा ॲपला अधिकार नाही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांच्या कर्ज ॲपची यादीही आहे. वहिनीच्या पत्रावर एका नामांकित बँकेचे बोधचिन्ह होते आणि पैसे मात्र एका व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले होते. नऊ हजार गेले नाहीत, ते तिने नानांना विचारले म्हणून.

आता भाच्याचा पहिला प्रश्न. मी ब्रिटनमध्ये राहते. इथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम आहे की ग्राहकाने फसवणुकीला बळी पडून स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले, तरी बँकेने ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यावी, आणि तिचा भार पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकेने निम्मा निम्मा उचलावा. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली, पण ती ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांपुरती. दादाने स्वतः पिन टाकून पाठवलेले चार लाख त्यात बसत नाहीत.

म्हणून घरच्या चर्चेत ब्रिटनचे नाव आले की ते आदर्श म्हणून येते. मी ते तसे मांडत नाही. इथली भरपाई देशातल्या देशात, पौंडांत झालेल्या हस्तांतरणालाच लागू आहे. पैसे परदेशी गेले, किंवा आधी स्वतःच्याच क्रिप्टो खात्यात आणि तिथून पुढे गेले, तर हा नियम सोबत येत नाही. आणि फसवणारे आता नेमकी तीच वाट धरायला लावतात. गुंतवणूक बुडाली की फसवणूक झाली, यावर वाद होऊ शकतो तो निराळाच.

तरीही या नियमातला एक भाग मायदेशी यायला हवा असे मला मनापासून वाटते, आणि तो आहे स्वीकारणाऱ्या बँकेचा अर्धा वाटा. ते मोबाईल दुकानाचे खाते कोणत्या तरी बँकेनेच उघडून दिले होते. जिथे अनोळखी लोकांचे लाखो रुपये येतात आणि काही मिनिटांत पुढे निघून जातात, अशा खात्याची झळ त्या बँकेला बसत नाही तोवर ती खाते उघडताना आणि नंतरही त्याकडे काटेकोर लक्ष देणार नाही. इथल्या बँकांना संशयास्पद हस्तांतरण काही दिवस रोखून धरण्याचीही मुभा आहे. नानांना हे पटत नाही. भरपाईची खात्री मिळाली की लोक बेफिकीर होतील, शिवाय खोटे दावे करणारेही उभे राहतील, असे ते म्हणतात. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण दादा बेफिकीर नव्हता; त्याने चाचणी घेतली होती, फक्त ती फसवणाऱ्यांनी आखून दिलेल्या जागी घेतली. आमचा हा वाद मिटलेला नाही.

कायदा बदलेपर्यंत घरात मी तीन गोष्टींचा आग्रह धरला आहे. बचतीचे मोठे खाते यूपीआयशी जोडलेले नसावे. रोजच्या खर्चाचे वेगळे आणि लहान असावे. बँकेच्या ॲपमधील हस्तांतरणाची दैनंदिन मर्यादा गरजेपुरती खाली आणून ठेवावी. आणि नव्या खात्यात पहिल्यांदा पैसे पाठवायचे झाल्यास त्या दिवशी न पाठवता दुसऱ्या दिवशी, घरातल्या कोणा एकाला खात्याचे नाव वाचून दाखवून पाठवावेत. तिसरी गोष्ट कंटाळवाणी वाटते, पण ‘आजच भरा, नाहीतर खाते गोठेल’ या वाक्याचा सगळा जोर तिच्यासमोर ओसरतो.

दादाने एक लाख चाळीस हजार भरले नाहीत आणि त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केला. तिथे, आणि नंतर `cybercrime.gov.in` वर, प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम मागितली जाते. पासबुक समोर असल्यामुळे ती लगेच देता आली. शेवटच्या हस्तांतरणाला काही तासच झाले होते, म्हणून त्यातले साठ हजार स्वीकारणाऱ्या खात्यात गोठवता आले. आधीचे पैसे केव्हाच पुढे गेले होते. साठ हजार परत मिळण्याची प्रक्रिया अजून चालू आहे. दरम्यान, तक्रारीनंतर पंधरवड्याने एका ‘वसुली सल्लागारा’चा दादाला फोन आला: चारही लाख मिळवून देतो, फक्त नोंदणीचे बारा हजार आधी भरा. या वेळी दादाने त्याला विचारले, “खाते कोणाच्या नावाचे आहे?” आणि पलीकडून फोन बंद झाला.