कंसातली गर्दी

विद्यार्थ्यांच्या प्रबंधातलं पूर्वसंशोधनाचं प्रकरण तपासायला घेतलं की मला आधी कंस दिसतात, मग मराठी. परवाच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य असं होतं: ‘स्वतःची चाचणी घेतल्याने अभ्यास चांगला होतो (एबिंगहाउस, १८८५; सेपेडा व इतर, २००६; रोडिगर व कार्पिकी, २००६; मरे व ड्रोस, २०१५).’ दावा सहा शब्दांचा आणि पाठीराखे चार!

बरं, पाठीराखे तरी कुठे? एबिंगहाउस यांनी विसरणं मोजलं. मरे आणि ड्रोस यांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. सेपेडा मंडळींचा आढावा अभ्यास अंतराअंतराने करण्याबद्दल आहे. डब्यात चौघं दाटीवाटीने बसलेले, पण या गावचं तिकीट एकट्या रोडिगर-कार्पिकी जोडीकडे!

मी विद्यार्थ्याला म्हटलं, ‘‘बाकीच्यांना उतरव. त्यांची गावं पुढच्या परिच्छेदांत आहेत.’’

मग आम्ही वाक्य नव्याने बांधलं: ‘स्वतःची चाचणी घेण्याचा फायदा लगेच नव्हे, काही दिवसांनी दिसतो, रोडिगर आणि कार्पिकी (२००६) यांच्या प्रयोगात पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे.’ आता नावं वाक्यातच काम करतात. कंसात उरलं फक्त साल. शिवाय दावा नेमका झाला. ‘अभ्यास चांगला होतो’ हे काय, कोणाचीही आजी सांगेल.

दोन दिवसांत तो सुधारलेलं प्रकरण घेऊन हजर. कंस गेले होते, पण प्रत्येक परिच्छेद ‘अमुक यांनी म्हटले आहे’ने सुरू! प्रकरणातली फक्त पहिली वाक्यं ओळीने वाचली, तर हजेरी घेतल्यासारखं वाटत होतं. मुद्दा एकाच प्रयोगावर उभा असेल तेव्हाच नाव पुढे आणावं. बऱ्याच अभ्यासांचं एकमत सांगायचं असेल तर दावा आपल्या शब्दांत मांडून शेवटी एखाद्या चांगल्या आढाव्याचा कंस द्यावा, सुटे अभ्यास खालच्या वाक्यांत येतील. दोघांत मतभेद असेल तर दोन्ही नावं पहिल्याच वाक्यात हवीत, मध्ये ‘पण’ घालून.

कंस कुठे बसतो यानेही घोटाळा होतो. ‘आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवलं, म्हणून शाळांनी पद्धत बदलावी (रोडिगर व कार्पिकी, २००६)’ असं त्याने एके ठिकाणी लिहिलं होतं. यातलं पहिलं अर्धं प्रयोगातलं, दुसरं या पठ्ठ्याचं. कंस शेवटी टाकून शाळा सुधारण्याची जबाबदारी त्याने त्या दोघांवर ढकलली होती! कंस ‘आठवलं’नंतर आणून तिथेच पूर्णविराम द्यायला लावला.

‘‘आणि शाळांबद्दलचं माझं मत? त्याला कोणता कंस?’’

‘‘कोणताच नाही.’’

तो घाबरून म्हणाला, ‘‘नुसतंच लिहू?’’