रेफरन्स लेटर लिहिताय? मग खरं काही आठवू नका

टीम सोडून गेलेल्या मुलीचा मेसेज येतो, "सर, रेफरन्स लेटर द्याल का?" अजिबात घाबरू नका. मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर, झटपट शिकणारी, एवढं टाका, सही करा, मोकळे व्हा. या पत्राची खासियत म्हणजे नाव बदललं की ते कुणालाही चालतं, अगदी ज्याला तुम्ही काढून टाकलं होतं त्यालाही.

फक्त एक पथ्य पाळा, तिने नक्की काय केलं ते आठवत बसायचं नाही. कारण आठवायला लागलं की दर महिनाअखेरीचा तो गोंधळ आठवणार. हिशोबाचा रिपोर्ट जुळायचा नाही, दोन माणसं दोन दिवस हाताने एंट्र्या तपासायची आणि आपण सगळे "सिस्टीमच तशी आहे" म्हणून गप्प. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिने तीन महिन्यांच्या चुकलेल्या एंट्र्या शेजारी शेजारी लावल्या आणि दाखवलं की पेमेंट एकदा अडकून परत पाठवलं गेलं की तेच दोनदा मोजलं जातंय. मग ट्रान्झॅक्शन नंबर आधी आलाय का हे बघणारी एक तपासणी घातली, दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर आलं. आता हे सगळं लिहिलंत तर वाचणाऱ्याला कळेल ना, की ती न सांगता प्रॉब्लेम शोधते, मुळापर्यंत जाते! मग तुमच्या "मेहनती"ला विचारणार कोण?

शिवाय असं लिहायचं तर भानगडी फार. कोड दुसऱ्याने तपासला होता, म्हणजे तिचा वाटा किती ते वेगळं सांगायला लागतं, ती तुमच्या हाताखाली किती वर्षं होती तेही, कंपनीचे आतले आकडे गाळायला लागतात, आणि तो अर्धा दिवस खराच होता का, म्हणून जुने मेल उघडायला लागतात (कोण उघडतंय).

आणि तिची कच्ची बाजू तर चुकूनही नको. मीटिंगमध्ये ती बोलायचीच नाही, आपण सांगितल्यावर आधी मुद्दे लिहून आणायला लागली आणि सहा महिन्यांत स्वतः डेमो द्यायला लागली, असलं काही लिहिलं तर बाकीचं कौतुकही वाचणाऱ्याला खरं वाटायचं. त्यापेक्षा "सर्वगुणसंपन्न" बरं.

पुढे तिकडून फोन येतो, "एखादं उदाहरण सांगाल?" तेव्हा "अहो, खूपच मेहनती" असं जरा जोर देऊन म्हणायचं. समोरचा दोन सेकंद गप्प बसतो आणि थँक्यू म्हणून ठेवतो. झालं काम.

हां, पाठवण्याआधी दुसऱ्या परिच्छेदात आधीच्या माणसाचं नाव राहिलं नाही ना ते बघा. माझं मागच्या वेळी राहिलं होतं, पत्र चार ठिकाणी फिरलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.