अंडरस्कोर लावून नाव वाचत नाही

आमच्या सांगलीतल्या उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा मेसेज: "१) डॉट कॉम मिळत नसेल तर धंद्याचं नावच बदला. २) इन्स्टावर नाव गेलं असेल तर अंडरस्कोर किंवा आकडे जोडा, काही फरक पडत नाही. ३) नाव ट्रेडमार्क करा, मग अडवणाऱ्याला सोडावंच लागतं."

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण त्यापायीच माझ्याकडे एक काम आलं. मिरजेच्या एक ताई पापड-कुरडया करतात. नाव ठेवलं 'वाळवण'. valvan गेलेलं होतं, म्हणून मुलीने शेवटी दोन अंडरस्कोर आणि २४ जोडले. लेबलवर त्या दोन अंडरस्कोरची एकच सलग रेघ दिसायची. फोनवर सांगताना तर "खाली रेघ, परत खाली रेघ" ऐकून समोरचा वैतागायचा. काहींनी रेघ सोडून शोधलं आणि भलत्याच खात्यावर चौकशी केली.

शिवाय तेच नाव सगळीकडे चालत नाही. वेबच्या पत्त्यात अंडरस्कोर घेता येत नाही. इन्स्टाग्रामला टिंब चालतं, एक्सला चालत नाही. इन्स्टाग्राम ३० अक्षरं देतं, एक्स फक्त १५. म्हणून सगळीकडे एकसारखं नाव हवं असेल तर नुसती रोमन अक्षरं घ्या आणि १५ च्या आत बसवा. valvansangli मध्ये १२ अक्षरं आहेत, सगळीकडे बसतं. जोडायचंच तर गाव किंवा माल जोडा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं. 'official' मात्र नको. उद्या कोणी नक्कल केली तर तोही तेच जोडणार.

मराठी नावांना आणखी एक काटा असतो. वाळवण कोणी v ने लिहील, कोणी w ने, कोणी aa घालून. ळ आणि ण चा तर रोमनमध्ये पत्ताच नाही. valvan टाकून शोधलं की लोणावळ्याचं वलवण धरणही समोर येतं! मी ताईंना घरातल्या आणि शेजारच्या दहा जणांना नाव नुसतं ऐकवून मोबाइलवर टाइप करायला लावायला सांगितलं. सर्वांत जास्त जणांनी जे लिहिलं ते मुख्य स्पेलिंग धरलं. walvansangli.in दुसरं म्हणून घेतलं आणि मुख्य पत्त्याकडे वळवलं. इन्स्टाग्रामच्या हँडलमध्ये देवनागरी चालत नाही, पण प्रोफाइलच्या नावाच्या रकान्यात चालते. तिथे 'वाळवण, सांगली' लिहिलं की मराठीत शोधणाऱ्यालाही सापडतं.

आता डॉट कॉमचं. ते कोणाकडे आहे हे आधी बघा. दुसऱ्या देशातली, वेगळ्या मालाची कंपनी असेल तर .in घेऊन निवांत राहा, तुमचं गिऱ्हाईक तिकडे जाऊन पापड मागणार नाही. पण तोच माल विकणारा, त्यातही भारतातला कोणी असेल तर मेसेज बरोबर आहे, नाव बदला. कारण वेबसाइटपेक्षा ईमेलचा घोटाळा मोठा असतो. .in ऐवजी सवयीने .com टाइप झालं की तुमची ऑर्डर थेट स्पर्धकाच्या हातात. आणि 'त्याची मुदत संपलीय, उद्या मिळेल' या आशेवर बसू नका. डॉट कॉमची मुदत संपल्यावरही पत्ता नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे रजिस्ट्रारकडे, ४५ दिवसांपर्यंत सवलत, मग ३० दिवस सोडवून घेण्याची मुभा, मग ५ दिवस काढून टाकण्याची प्रक्रिया. म्हणजे जुन्या मालकाला शुद्धीवर यायला अडीच महिने.

तिसरा मुद्दा सर्वांत महागात पडणारा. पहिली अडचण म्हणजे पापड-कुरडयांसाठी 'वाळवण' हा शब्द मालाचंच वर्णन करतो, आणि ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ९ नुसार असे वर्णनात्मक शब्द सहसा नाकारले जातात. समजा मिळाला, तरी तो ठरावीक वर्गातल्या मालापुरता. एखादी मुलगी त्याच हँडलवर स्वतःच्या ट्रेकचे फोटो टाकत असेल तर ती तुमचा कोणता माल विकतेय? खातं नुसतं पडून आहे, एवढ्यावर ते काढून तुम्हाला दिलं जाईल अशीही अपेक्षा धरू नका.

.in च्या वादासाठी आयएनडीआरपी नावाची व्यवस्था आहे. तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: पत्ता तुमच्या नावासारखा आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने तो वाईट हेतूने घेतला किंवा वापरला. तुमचा धंदा सुरू होण्याआधी कोणी तो आपल्या कामासाठी घेतला असेल तर तिसरी गोष्ट कुठून आणणार? हां, तुमचं नाव गाजल्यावर कोणी मुद्दाम पत्ता घेऊन पैसे मागत असेल, तर ही वाट जरूर वापरा.

ताईंनी मग सगळीकडची हँडल आणि दोन्ही पत्ते एकाच संध्याकाळी घेतले, धंद्याच्या वेगळ्या ईमेलवर. लेबल करणारा मुलगा "माझ्याच ईमेलवर करून देतो" म्हणत होता, तेवढं मी होऊ दिलं नाही. जुन्या लेबलचा मात्र अजून एक गठ्ठा उरलाय, त्यावर त्या पेनाने पत्ता दुरुस्त करतायत.